अनुभव धागा: काळा कोट, आणि टेलरकाकांनी ओळखलेला धंदा

नौपाडाकर
आज राम मारुती रोडवर एका जुन्या टेलरचं दुकान कायमचं बंद झालेलं दिसलं आणि शिंपी लोकांत सांगतात ती गोष्ट आठवली. गिऱ्हाईक काळा कोट घेऊन येतं, म्हणतं कंबरेत थोडा घ्या. पोऱ्या हळूच म्हणतो, वकीलसाहेब. म्हातारे काका कोट उलटा करतात, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवतात, मुंड्यात मूठ घालून बघतात आणि विचारतात, "व्हायोलिन कुठल्या ऑर्केस्ट्रात वाजवता?"
मुंडा लहान, बगलेला अगदी लागून कापलेला. डावी बाही अर्धा इंच लांब आणि पुढे फिरवून बसवलेली. एवढंच पाहिलं त्यांनी. कोटावरून धंदा ओळखायच्या तुमच्याकडच्या खुणा लिहा.

मीनल_ऐरोली
हे उलटं नाही का? हात वर करायचा तर मुंडा ढगळ हवा. लहान मुंडा काचतो.

सुईदोरा
मीनलताई, काचतो तो पुढून अरुंद कापलेला मुंडा. उंच मुंडा वेगळा. मुंडा खाली असला की बाहीची आतली शिलाई आखूड पडते, मग हात उचलला की ती कोटाची अख्खी बाजू वर ओढते. मुंडा बगलेजवळ असला की फक्त बाही हलते, अंग जागेवर राहतं.
घरी बघा. कोटाचं बटण लावा, दोन्ही हात समोर खांद्याएवढे उचला. कॉलर मानेपासून सुटून मागे पोकळी पडली तर मुंडा खाली आहे. व्हायोलिनवाल्याला हे चालतच नाही, कॉलर उठली की हनुवटी आणि वाद्य यांच्यामध्ये कापडाचा गोळा येतो.
बाही फिरवण्याचं कारणही तेच. डावं कोपर वाद्याखाली, छातीकडे येतं. साधी बाही असेल तर मागे तिरक्या चुण्या पडतात आणि मनगट उघडं पडतं.

वाशीवाली
ह्यांच्या कोटाचं अगदी हेच होतं, हात वर केला की पूर्ण कोट वर. मुंडा वर करून मिळेल का? रविवारी रिसेप्शन आहे 🙏

सुईदोरा
मुंडा खाली करता येतो, वर नाही. कापड कापून गेलेलं असतं. खांद्याच्या शिलाईत अर्धा इंच घेऊन थोडा उचलता येतो, पण कॉलर आणि बाही दोन्ही उसवावे लागतात, कोट तेवढा आखूडही होतो. रविवारपर्यंत कोणी घाईत करून देतो म्हणाला तर देऊ नका. बगलेत कळी घालतात, पण काळ्या रंगाचा शेड जुळत नाही.

वाशीवाली
बरं झालं विचारलं. ह्यांना सांगते हात खाली ठेवा 😄

कळवा_लोकल
काळा कोट म्हटलं की ठाण्यात दुसरा उमेदवार टीसी! छातीवर नावाच्या पट्टीची भोकं आणि पावती पुस्तकाने लोंबलेला खिसा. आता मशीन आलं, खिशाची खूण जाईल.

काळा_कोट
वकिलांच्या कोटाचं एक. उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून कोट सक्तीचा नाही, त्यामुळे ठाणे कोर्टात तेव्हा बरेच कोट खुर्चीच्या पाठीवर. खांद्याच्या आत आडवी घडी पडलेली असते. कोपरं टेबलावर घासून चकाकतात ते वेगळंच.

दर्दी_पनवेल
डाव्या खांद्याची चकाकी पण बघायला हवी होती काकांनी.

सुईदोरा
झोळीनेही खांदा चकाकतो. पण झोळीची चकाकी खांद्याच्या टोकाला, व्हायोलिनची गळ्याच्या हाडावर, कॉलरच्या कडेला.

दर्दी_पनवेल
बरोबर. आणि राळ! गजाला राळ लावतात तिची पांढरी पूड वाजवताना खाली सांडते, काळ्या कोटावर लगेच दिसते. अशा कोटावर थेट इस्त्री फिरवू नका, राळ वितळून कापडात बसते. आधी कोरड्या ब्रशने झाडायची. उरलेला डाग स्पिरिटच्या बोळ्याने टिपायचा, चोळायचा नाही. आधी आतल्या शिलाईवर थेंब टाकून रंग सुटतो का बघायचं.

मास्तर_कोपरी
गोष्ट छान, पण डावी बाही लांब एवढ्यावरून मी पैज लावणार नाही. कित्येकांचे दोन हात अर्ध्या इंचाने वेगळे असतात, मापातच येतं.

सुईदोरा
लांबीबद्दल मान्य. पण एकच बाही पुढे फिरवलेली का असेल?

मास्तर_कोपरी
एक खांदा पुढे झुकलेला असला तरी फिरवतात. सतत दुचाकीवर एका खांद्यावर बॅग अडकवणारे बघा.

सुईदोरा
मग पाठीतही फरक दिसेल, त्या बाजूची पाठ रुंद कापावी लागते. गोष्टीत पाठीचं काही आहे का, नौपाडाकर?

नौपाडाकर
पाठीचा उल्लेख मी ऐकलेल्या गोष्टीत नाही.

मीनल_ऐरोली
आत्ता करून बघितलं, माझ्या ब्लेझरची कॉलर दोन बोटं उठली. ऐरोलीत किंवा घणसोलीत चांगला कोट शिवणारे कोणी आहेत का? कुकर लावून येते, लिहून ठेवा.