‘ओके, येते’ पुरेसं आहे की आनंद शब्दांत दिसायला हवा?

अबोली: मैत्रिणीने नवं घर बघायला बोलावलं. ‘शनिवारी सातला ये. आधी तासभर फक्त आपण चौघीच असू.’ मी लिहिलं, ‘ओके, येते.’ मनातून खूप आनंद झाला होता. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, ‘यायचं नसेल तर राहू दे गं.’ असं काय लिहायला हवं होतं?

सरळमार्गी: काहीच चुकलं नाही तुमचं. तिने बोलावलं, तुम्ही हो म्हणालात. शनिवारी दारात उभ्या राहाल तेव्हा आनंद दिसेलच.

शब्दवेडी: शनिवारपर्यंत तिने काय समजायचं? ‘ओके’ आपण कामाच्या निरोपालाही लिहितो. आणि ‘येते’ तर निघतानाही म्हणतो. तिच्या निरोपात जीव होता तो ‘फक्त आपण चौघी’ या शब्दांत, आणि नेमकं त्यालाच उत्तर मिळालं नाही. मी लिहिलं असतं: ‘अगं, किती छान! फक्त आपण चौघी, कधीची वाट बघतेय मी याची. शनिवारी सातला आलेच समज.’ वेळ पुन्हा लिहायचीच, नाहीतर नुसता आनंद कळतो आणि येणार की नाही हे राहूनच जातं. ‘येईन’ मात्र टाळा. त्यात ‘जमलं तर’ ऐकू येतं.

पारवा: एवढं कशाला? ‘नक्की!!!’ लिहायचं.

शब्दवेडी: ‘नक्की’ने होकार पक्का होतो, हे खरं. पण न येणारेही ‘नक्की’च म्हणतात, म्हणून त्याच्या जोडीला तिचं काहीतरी हवं. आणि एरवी एकही उद्गारचिन्ह न वापरणाऱ्याने तीन टाकली, तर ती उसनी वाटतात.

दीपमाळ: मला वरिष्ठांनी घरी बोलावलंय. त्यांना ‘आलोच समजा’ लिहू?

शब्दवेडी: नको, फार सलगी होईल. ‘आठवणीने बोलावलंत, खूप बरं वाटलं. शनिवारी सातला येतो.’ एवढंच लिहा.

सरळमार्गी: माझ्या भावाला मी असं काही लिहिलं, तर तो घाबरून फोन करेल. आमच्यात ‘येतो’ म्हणजे येतो. शिवाय एकदा भरभरून लिहिलं की दर वेळी तसंच लिहावं लागतं. एखाद्या दिवशी दमून दोन शब्द लिहिले, तर माणूस रुसला असं वाटायचं.

शब्दवेडी: भावाचं पटलं. तुमची तशी सवयच आहे, तिथे ‘येतो’ पुरे. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याच बाबतीत तसं झालंय.

अबोली: आता दोन दिवस उलटलेत. अजून लिहू का?

शब्दवेडी: लिहा, पण सफाई देत बसू नका. ‘राहू कशी देऊ? चौघींचा तो तास मला हवाच आहे. सातला तुझ्या दारात.’

सरळमार्गी: मी तर म्हणतो, सरळ फोन करा. आवाजात कळेल तिला.

अबोली: निरोप पाठवलाय. रात्री फोनही करते.