गुरुवारच्या पाणीबंदीची नोटीस

«गुरुवारी महापालिकेचं पाणी दिवसभर बंद आहे. आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीत नोटीस लावायची आहे. काय लिहू?»

नोटिशीत शुक्रवारचाही उल्लेख करा, लोक तिथेच फसतात. पुण्यात अशा बंदनंतर शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, त्यामुळे साठा दीड दिवसाचा धरावा लागतो.

हिशेब सोपा आहे. घरटी चार माणसं धरली तर १६० माणसं, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. शुक्रवार दुपारपर्यंत साधारण ३२,००० लागतील. खालची आणि वरची टाकी मिळून ३०,००० लिटर असेल तर वेळा ठरवून भागतं, टँकर लागत नाही. अग्निशमनाच्या टाकीला मात्र हात लावू नका.

मजकूर असा ठेवा:

«गुरुवारी महापालिकेचे पाणी येणार नाही. नळाला पाणी सकाळी ६ ते ८.३० आणि संध्याकाळी ७ ते ८.३० याच वेळेत येईल. शुक्रवारी सकाळीही याच वेळा राहतील. पिण्याचे पाणी बुधवारी रात्रीच भरून ठेवावे. गाड्या धुणे व वॉशिंग मशीन बंद ठेवावे. ज्येष्ठांना बादल्या भरायला मदत लागल्यास वॉचमनला सांगावे.»

वेळ संपली की घरातले नळ बंद आहेत का पाहायला सांगा. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पुढच्या वेळी सुरू होताच उघडा राहिलेला एक नळही टाकी रिकामी करू लागतो. खालच्या टाकीची पातळी पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हपर्यंत उतरण्याआधी वॉचमनने पंप बंद करायला हवा, नाहीतर तो कोरडा चालून सील जळतं. शुक्रवारी पहिलं पाणी गढूळ आलं तर ते टाकीत घेऊ नका.