टीईटी २३ नोव्हेंबरला, अभ्यासाचा प्लॅन हवा आहे

खडूफळा
नमस्कार. टीईटी २३ नोव्हेंबरला आहे. आज ५ ऑक्टोबर. कुणी दिवसवार प्लॅन करून द्याल का? लवकर द्या, खूप टेन्शन आलंय.

पाटीपेन्सिल
नुसत्या तारखेवर काय सांगणार, ताई? पेपर एक की दोन? दोन असेल तर गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र? नोकरीत आहात की डीएड करून घरी? आणि दिवसाला किती वेळ मिळतो ते खरं सांगा, ठरवलेला नको.

खडूफळा
पेपर एक. जि. प. शाळेत आहे, तिसरी-चौथीचे वर्ग. १ सप्टेंबरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे द्यावी लागतेय, निवृत्तीला अजून १७ वर्षं आहेत. रोज ४ तास काढीन.

मु_पो_साकोली
घाबरू नका मॅडम, १५० पैकी ८३ आले की झालं. निगेटिव्ह मार्किंगही नाही.

पाटीपेन्सिल
८३ राखीव प्रवर्गाला. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० लागतात. निगेटिव्ह नाही हे मात्र बरोबर.
ताई, ४ तास कुठून काढणार ते लिहा. शाळा, प्रवास, स्वयंपाक धरून. आणि प्लॅन मागण्याआधी एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. १५० मिनिटं, मध्ये उठायचं नाही. पाचही विषयांचे गुण वेगवेगळे टाका.

दुपारची_सुट्टी
मला पेपर दोन द्यायचाय, सामाजिक शास्त्र घेऊ की गणित-विज्ञान? बीए इतिहास आहे.

पाटीपेन्सिल
इतिहासवाल्याने गणिताच्या वाटेला का जायचं? वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

खडूफळा
काल रात्री पोरं झोपल्यावर सोडवला. मी खुल्या प्रवर्गातली. बालमानसशास्त्र ११, मराठी २१, इंग्रजी १३, गणित १८, परिसर अभ्यास १७. एकूण ८०. गणित शेवटी ठेवलं होतं, ६ प्रश्न बघायचेच राहिले.
वेळेचं म्हणाल तर पहाटे ५ ते सव्वासहा, एवढाच. रविवारी ४ तास. ते रोजचे ४ तास मी उगाच लिहिले. शिवाय दिवाळीआधी संकलितचे पेपर तपासायचे आहेत.
बालमानसशास्त्रात १४ वर्षं शिकवून ११ पडतात, याची लाज वाटली.

पाटीपेन्सिल
आता बोलता येईल. आठवड्याला साडेअकरा तास, सात आठवडे. म्हणजे साधारण ८० तास, त्यातून पेपर तपासणी वजा. पाच विषय पहिल्यापासून वाचायला हे पुरणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. १० गुण कमी आहेत, पण परीक्षेच्या दिवशी हात थरथरतो म्हणून १७-१८ वाढवायचं धरू.

११ चं कारण मी सांगतो, दरवर्षी शिक्षकांचं हेच होतं. 'मूल वर्गात गप्प बसतं, तुम्ही काय कराल?' असा प्रश्न आला की आपण रोज करतो ते उत्तर निवडतो. पालकांना बोलावतो, जागा बदलतो. पेपरला हवं असतं मुलाला करू देणारं, शोधू देणारं उत्तर. चुकलेले १९ प्रश्न काढा. प्रसंगाचे किती आणि पियाजे, कोहलबर्ग, व्हायगॉट्स्की यांचे किती ते मोजा. प्रसंगाचे जास्त असतील तर वाचन कमी आणि जुने प्रश्न जास्त. इथून ८ गुण मिळतील.

दिवाळीपर्यंत पहाटे एक दिवस बालमानसशास्त्र, एक दिवस इंग्रजी. इंग्रजीत फक्त काळ, शब्दयोगी अव्ययं, प्रयोग आणि उतारा. तपासणीच्या दिवसांत फक्त २० जुने प्रश्न, जास्त नाही. दिवाळीच्या सुट्टीत गणित. नोव्हेंबरच्या तीन रविवारी (२, ९, १६) पूर्ण पेपर, सकाळीच, कारण पेपर एक सकाळी असतो. आणि गणित शेवटी ठेवायचं नाही. मराठी संपलं की गणित, परिसर शेवटी, कारण तिथे घाईतही टिक करता येते. मराठीला सध्या हात लावू नका.

मु_पो_साकोली
मराठी सोडू नका हो, माझे तिथेच गेले होते. आणि परिसरला बालभारतीची तिसरी ते पाचवीची पुस्तकं वाचली की पुरे.

पाटीपेन्सिल
पुरे नाही. विषय तिथले असतात, प्रश्न वरच्या इयत्तेचा असतो. भूगोल-नागरिकशास्त्र आठवीपर्यंत चाळावं लागतं. मराठीत २१ आहेत, ९ नोव्हेंबरच्या पेपरात ते १८ वर आले तर पुन्हा बघू.

घडीपत्रिका
राखीवला ८२ की ८३? ५५ टक्के म्हणजे ८२.५ होतात.

पाटीपेन्सिल
यावर वाद आहे. तुम्ही ८३ धरा.

खडूफळा
सर, १९ पैकी १३ प्रसंगाचे निघाले! फक्त एक विचारते, सुट्टीत भाऊबीजेला माहेरी जावं लागेल, तीन दिवस जातील. गणित कुठे टाकू?

पाटीपेन्सिल
कुठेच टाकू नका. एसटीत जाताना टक्केवारीचे २५ प्रश्न न्या.