पॅरलल फ्लोलाही Qmax सी-मिननेच काढायचं, हे मला पटत नाही

खटपट्या:
ऑइल कूलर आहे. तेल सेकंदाला 2 किलो, सी-पी 2.1, येतं 110 डिग्रीला. पाणी सेकंदाला 1.5 किलो, सी-पी 4.2, येतं 30 ला. म्हणजे तेलाचा सी 4.2 आणि पाण्याचा 6.3, दोन्ही किलोवॅट दर डिग्री. लहान तो तेलाचा, गुणिले 80, झाले 336 किलोवॅट. पण माझा एक्स्चेंजर पॅरलल फ्लोचा आहे, त्यातून 336 बापजन्मात निघणार नाहीत, मग त्याला "जास्तीत जास्त शक्य" कशाला म्हणायचं? माझं मत असं की प्रत्येक रचनेला तिचा स्वतःचा मॅक्सिमम असावा. विरोधी मतं ऐकायला आवडतील.

सरळसोट:
आधी सी-मिनच चुकलाय की तुमचा. तेल 2 किलो वाहतंय, पाणी 1.5 किलो. कमी काय वाहतंय? पाणी. म्हणजे मिनिमम पाणी, साधी गोष्ट आहे. 6.3 गुणिले 80, 504 किलोवॅट.

गॅस्केट:
504 घेऊन पुढे जाऊन बघा ना जरा. ती 504 किलोवॅट उष्णता तेलातूनच निघायला पाहिजे, दुसरीकडून कुठून येणार? तेलाचा सी 4.2, म्हणजे तेल 120 डिग्रीने उतरलं पाहिजे. 110 वजा 120, उणे 10. तीस डिग्रीचं पाणी वापरून तेल उणे दहाला नेलंत की तुम्ही! फ्लो कोणाचा कमी हे बघून चालत नाही, फ्लो आणि सी-पी यांचा गुणाकार बघायचा. इथे तेल वजनाने जास्त वाहतंय तरी ते सी-मिन आहे, कारण त्याचा सी-पी पाण्याच्या निम्माच आहे.

आणि शंका आली की हीच चाचणी करायची. दोन्ही सी घालून बघा, ज्याने दुसऱ्याचं आउटलेट अशक्य येतं तो बाद. 336 घेतले तर तेल बरोबर 30 ला येतं आणि पाणी 53.3 डिग्रीने चढून 83.3 ला जातं, कुठेच काही बिघडत नाही.

सरळसोट:
ठीक, गुणाकार मान्य. पण पाणी जास्तीत जास्त 110 पर्यंत जाऊ शकतं ना? मग त्याला 83 वरच थांबवायचं कशाला, "मॅक्सिमम" शब्दाला काही अर्थ नको?

गॅस्केट:
जाऊ शकतं, पण तेलाकडे तेवढं द्यायलाच नाहीये. ज्याचा सी लहान त्याचं तापमान भराभर बदलतं, त्यामुळे तो दुसऱ्याच्या इनलेट तापमानाला आधी पोचतो आणि खेळ तिथेच संपतो. 80 डिग्रीचा पूर्ण फरक एकटा तोच पार करू शकतो, मोठ्या सीवाला वाटेतच राहतो.

खटपट्या:
हे सगळं मान्यच आहे हो, माझा मुद्दा पुढचा आहे. पॅरलल फ्लोमध्ये दोघं एकाच टोकाकडून निघतात, एरिया कितीही वाढवा, शेवटी दोघं एका तापमानाला येऊन थांबणार. ते तापमान काढलं: 4.2 गुणिले 110 अधिक 6.3 गुणिले 30, भागिले 10.5, आलं 62. म्हणजे तेल 110 वरून 62, 48 डिग्री, 201.6 किलोवॅट. हा माझा खरा मॅक्सिमम. आज मला 190 मिळतायत. 336 ने भागलं तर इफेक्टिव्हनेस 0.57 दिसतो आणि साहेब विचारतात उरलेलं कुठे गेलं. 201.6 ने भागलं तर 0.94. सांगा, यातला कुठला आकडा खरं बोलतो?

दुसरा_नियम:
दोन्ही खरं बोलतात, पण तुमच्या 0.94 ने एक गोष्ट लपते, म्हणून माझा त्याला विरोध आहे. तुमचीच दोन इनलेट्स आणि तुमचेच दोन सी काउंटरफ्लोला लावले तर साधारण 5.6 किलोवॅट दर डिग्री इतक्या यूएला, म्हणजे उष्णता-वहन गुणांक गुणिले एरिया, तेल 60 ला बाहेर पडतं. 50 डिग्रीचा ड्रॉप, 210 किलोवॅट, इफेक्टिव्हनेस 0.625. म्हणजे एक मध्यम काउंटरफ्लो तुमच्या अनंत एरियाच्या पॅरलल फ्लोला मागे टाकतो. आता प्रत्येकाला स्वतःच्या मॅक्सिममने भागलं तर तुमचा 0.94 आणि त्याचा 0.625, आणि कागद बघणारा माणूस तुमचाच एक्स्चेंजर चांगला समजून विकत घेणार! धावायच्या शर्यतीत ज्याला त्याला त्याच्या सोयीची फिनिश लाइन देण्यातला प्रकार झाला हा.

336 हा आकडा एक्स्चेंजरचा नाहीच मुळी. तो दोन प्रवाहांचा आहे, त्यांच्या सीचा आणि इनलेट तापमानांचा. आत काय बसवलंय याची त्याला पर्वा नाही, म्हणूनच तो मोजपट्टी म्हणून चालतो. पॅरलल फ्लोची छत 0.6 ला लागते, एक भागिले, एक आणि सी-आर यांची बेरीज; सी-आर म्हणजे लहान सी भागिले मोठा सी, इथे दोन तृतीयांश. ही छत दिसते हाच तर त्या भागाकाराचा फायदा आहे, ती पुसून टाकायला कशाला निघालात?

खटपट्या:
विकत घ्यायच्या वेळी तुमचं म्हणणं मान्य. पण बसवून झालेलं मशीन मी उलटं करू शकत नाही, पाइपिंग तसंच आहे. रोज सकाळी मला एवढंच बघायचंय की यातून आणखी काय निघू शकतं. त्यासाठी 336 चा मला काय उपयोग?

लॉगबुक:
मला तर भांडण दुसरंच वाटतंय. मॅक्सिमम कुठला घ्यायचा ते नंतर बघू, सी-मिन कोण आहे हे तरी रोज तपासता का? आमच्याकडे काउंटरफ्लो कूलर आहे, आकडे तुमच्या जवळपासचेच म्हणून तुमचेच वापरतो. लॉगशीटमध्ये इफेक्टिव्हनेसचा कॉलम होता, आणि त्यात कोणीतरी कधीकाळी तेलाचा ड्रॉप भागिले इनलेटचा फरक असं सूत्र टाकून ठेवलेलं. तेल सी-मिन असेपर्यंत सूत्र बरोबरच आहे, 50 भागिले 80, 0.625. मग कोणीतरी पाण्याचा व्हॉल्व्ह बराच आवळला, पाणी 0.8 किलोवर आलं, तेल 68 ला बाहेर पडायला लागलं आणि कॉलममध्ये 42 भागिले 80, 0.525 दिसायला लागलं. सगळे म्हणाले फाउलिंग झालं, उघडा. उघडलं, आत स्वच्छ लख्ख, गॅस्केटचा सेट मात्र फुकट गेला.

झालं काय होतं, तर पाणी 0.8 गुणिले 4.2, सी 3.36. तेलाच्या 4.2 पेक्षा कमी! सी-मिन बाजू बदलून पाण्याकडे गेला होता आणि सूत्राला त्याचा पत्ताच नव्हता. Qmax आता 3.36 गुणिले 80, 268.8. मिळत होते 42 गुणिले 4.2, 176.4. भागाकार 0.656. म्हणजे इफेक्टिव्हनेस पडला नव्हता, उलट थोडा वाढलाच होता, आणि तेल कमी गार होत होतं ते निव्वळ पाणी कमी असल्याने.

आता मी शीटमध्ये दोन्ही बाजूंचा तापमानातला बदल शेजारी शेजारी लिहायला लावलाय. ज्याचा बदल मोठा तो सी-मिन, बास. आधी तेल 50 आणि पाणी 33, नंतर तेल 42 आणि पाणी 52.5, नजर टाकली की कळतं. मात्र थर्मामीटर नीट असले पाहिजेत आणि बाहेर उष्णता गळत नसली पाहिजे, नाहीतर दोन्ही बाजूंची उष्णता जुळणार नाही, मग आधी तो घोळ निस्तरा.

गॅस्केट:
हा प्रकार मी पण पाहिलाय. तेलाच्या बाजूची फिल्म कमजोर असते म्हणून पाणी कमी केलं तरी यूए फार पडत नाही, आणि सी-मिन लहान झाल्याने एनटीयू, म्हणजे यूए भागिले सी-मिन, मात्र वाढतो, त्यामुळे तुमचं 0.656 बरोबर वाटतंय. पाणी सेकंदाला 1 किलोच्या आसपास असेल तर दोन्ही सी जवळपास सारखे, तेव्हा कोणालाही मिन म्हणा, Qmax मध्ये फार फरक पडत नाही. घोळ होतो तो ओलांडून लांब गेल्यावर.

वाफारा:
आमच्याकडे कंडेन्सर आहे. वाफ 100 डिग्रीला, सेकंदाला फक्त 0.1 किलो, पाणी 1.5 किलो. मग वाफ सी-मिन ना? फ्लो तर अगदीच कमी आहे आणि सी-पीपण पाण्यापेक्षा कमी.

दुसरा_नियम:
नाही. वाफ पाणी होताना तिचं तापमान 100 वरच राहतं. उष्णता देऊनही तापमान हलत नाही म्हणजे सी जवळपास अनंत समजायचा, आणि सी-मिन होतं पाणी. सी-आर शून्य झाला की, खटपट्या, तुमच्या पॅरलल फ्लोची छत पण 1 ला जाते, तिथे आपल्या दोघांचं भांडणच उरत नाही.

वाफारा, पण एक सांभाळा. 30 च्या पाण्यासाठी सूत्र 6.3 गुणिले 70 म्हणजे 441 किलोवॅट सांगेल. तुमच्या 0.1 किलो वाफेत 100 डिग्रीला सुप्त उष्णता आहे 226 किलोवॅटच्या आसपास. वाफ संपली की पुढे काय, कंडेन्सेट थंड होणार, आणि मग तो अनंत सी राहिला नाही. सी अनंत धरायचा तर वाफ पुरेशी आहे का हे आधी बघा, तुमच्याकडे ती पुरत नाहीये.

वाफारा:
अच्छा, मग 226 धरू का मॅक्सिमम?

दुसरा_नियम:
वाफेचं पूर्ण पाणी होईपर्यंतचा, हो. काउंटरफ्लोमध्ये कंडेन्सेट आणखी गार केलं तर थोडी भर पडेल, 0.1 गुणिले 4.2 गुणिले 70, तीसएक किलोवॅट. त्याहून जास्त त्या वाफेत नाहीच.

सरळसोट:
म्हणजे सी-मिनचं सूत्र प्रत्येक ठिकाणी चालत नाही असं तुम्हीच म्हणताय. मग खटपट्यांच्या पॅरलल फ्लोला वेगळा मॅक्सिमम दिला तर तेवढं काय बिघडलं?

दुसरा_नियम:
कंडेन्सरमध्ये बदलला तो प्रवाह, रचना तीच आहे. वाफेचा सी वाटेत बदलतो म्हणून मॅक्सिमम बदलला. पॅरलल फ्लोमध्ये प्रवाह तेच राहतात, फक्त आपण त्यांना एका टोकाने सोडतो. ही सरमिसळ मला मान्य नाही.

खटपट्या:
तुम्ही मोजपट्टी धरून बसलायत, मी मशीन धरून. मी शीटमध्ये 201.6 चा कॉलम ठेवणारच आहे, फक्त हेडिंग "पॅरलल मर्यादेच्या किती" असं देईन आणि इफेक्टिव्हनेस हा शब्द 336 च्या कॉलमला ठेवीन. लॉगबुक, पाणी आवळलं की माझा 62 चा आकडापण बदलेल ना?

लॉगबुक:
बदलणारच. 0.8 किलोला तो 74.4 होतो, म्हणजे तेल त्याखाली जाणारच नाही, उष्णता जास्तीत जास्त 149.3 किलोवॅट. पण कॉलम रोजच्या फ्लोवरून काढा, एकदाच काढलेला 201.6 चिकटवून ठेवलात तर आमच्यासारखेच एक दिवस उघडून बसाल.