मदत हवी आहे: फवारणी पंपाच्या लिथियम सेलमधील सेपरेटरची छिद्रे बंद झाली आहेत, हे सेल न फोडता कसे ओळखावे?

पंपदुरुस्ती_कळंब

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात माझे फवारणी पंप आणि सौर कंदील दुरुस्तीचे दुकान आहे. पऱ्हाटीच्या फवारणीच्या हंगामात एका शेतकरी दादांनी त्यांचा पाठीवरचा १६ लिटरचा पंप आणून दिला. पूर्वी एका चार्जिंगमध्ये त्यांचे दिवसभराचे काम व्हायचे. आता दुपारच्या आतच पंप बंद पडतो, अशी त्यांची तक्रार होती. आतल्या पॅकमध्ये १८६५० आकाराचे सहा सेल आहेत. दोन-दोन सेल समांतर जोडून अशा तीन जोड्या एकापुढे एक लावलेल्या आहेत. माझ्याकडे येण्यापूर्वी हा पॅक कोणीतरी एकदा उघडला होता, कारण एका सेलवरची निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगऐवजी सोल्डरने डकवलेली होती आणि तेथील प्लास्टिकचे वेष्टन तपकिरी पडून आकसले होते.

पट्ट्या कापून मी प्रत्येक सेल वेगळा मोजला. सगळ्यांचे व्होल्टेज ३.९ च्या आसपास आहे. चार तारांच्या मीटरवर पाच सेलचा अंतर्गत रोध ४० ते ५० मिलिओहम भरतो, पण सोल्डर केलेल्या सेलचा ६२० मिलिओहम भरतो. त्यावर एक अँपिअरचा भार टाकला की व्होल्टेज ३.९ वरून ३.१ पर्यंत घसरते आणि भार काढताच पुन्हा वर येते.

सेल फार तापला की सेपरेटरची छिद्रे बुजतात आणि सेल स्वतःला बंद करून घेतो, असे मी वाचले आहे. येथे तसेच झाले असावे का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ च्या पुढे जातो आणि पंप टिनाच्या शेडमध्ये ठेवलेले असतात. त्या उष्णतेनेही असे होऊ शकते का? बुजलेली छिद्रे सेल थंड झाल्यावर पुन्हा उघडतात का? शिवाय एक विक्रेता सिरॅमिक लेप असलेले सेल थोड्या जास्त किमतीत देऊ करत आहे. आमच्या उन्हाळ्यासाठी त्यांचा उपयोग होईल का, याविषयीही कृपया मार्गदर्शन करावे.

सौरमित्र_वर्धा

ताई, आपला अंदाज मला बरोबर वाटतो. सेपरेटर हा पॉलिइथिलीनचा अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याची छिद्रे एकदा बुजली की कायमची बुजतात, त्यामुळे तो सेल काढून टाकावा. सिरॅमिक लेपाचे सेल अवश्य घ्यावेत, कारण तापल्यावर तो लेपच वितळून छिद्रांमध्ये उतरतो आणि प्रवाह लवकर थांबवतो. टिनाच्या शेडमधील उष्णता मात्र मी कमी लेखणार नाही. वर्षानुवर्षे तापत राहिल्याने छिद्रे हळूहळू मिटत जात असावीत.

शेतकरी_आर्वी

माझ्याही पंपाची बॅटरी यंदा फुगली आहे. ती बारा व्होल्टची, काळ्या डब्याची आणि वजनाला जड आहे. तिच्यातील सेपरेटर बदलून मिळतो का? नवी बॅटरी घेण्यापेक्षा ते स्वस्त पडेल, असे वाटते.

पडदा_आणि_प्रवाह

आर्वीचे दादा, आपण वर्णन केलेली बॅटरी शिसे-आम्लाची दिसते. तिच्या पट्ट्यांमध्ये काचतंतूंची चादर असते आणि ती बदलून मिळत नाही. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. या धाग्यातील सेल वेगळ्या जातीचे आहेत.

आता कळंबच्या ताईंच्या प्रश्नाकडे वळतो. मी काही वर्षे सेल तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. सौरमित्रांचे एक म्हणणे बरोबर आहे, की छिद्रे बुजणे कायमचे असते. सेपरेटर तयार करताना पॉलिमरचा पडदा ताणून त्यात मायक्रॉनपेक्षाही बारीक छिद्रे निर्माण केली जातात. पडद्याचा सुमारे ४० टक्के भाग पोकळ असतो, त्या पोकळीत इलेक्ट्रोलाइट भरलेले असते आणि लिथियमचे आयन त्यातूनच ये-जा करतात. पॉलिइथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळले की छिद्रांच्या भिंती ढासळतात आणि वाट बंद होते. थंड झाल्यावर पॉलिमर पुन्हा घट्ट होते, पण कारखान्यात ताणून आणलेली रचना परत येत नाही.

टिनाच्या शेडविषयी मात्र मी असहमत आहे. शेडमध्ये पंपाचा डबा ६० किंवा ६५ अंशांपर्यंत तापला, तरी वितळण्याचे तापमान तेथून फार दूर आहे. त्या उष्णतेने सेल लवकर म्हातारा होतो, त्याची क्षमता घटते आणि रोध वाढतो; पण ती हानी मुख्यतः इलेक्ट्रोलाइट आणि इलेक्ट्रोड यांच्यातील रासायनिक क्रियांमुळे होते. शिवाय त्या शेडमध्ये सहाही सेल सारखेच तापले असणार, मग एकच का बिघडावा?

माझी खरी शंका पुढे आहे. सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक साडेतीनशे अंशांच्या घरात असते आणि त्याने सेलच्या टोकाजवळचा सेपरेटर वितळू शकतो, हे खरे. पण त्याने रोध चौदापट होईल का? आतली गुंडाळी साठ मिलिमीटरच्या आसपास उंच असते. टोकाकडचे पाच मिलिमीटर पूर्ण बुजले, तरी आयनांना जाण्यासाठी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र मोकळे राहते आणि रोध फार तर आठ-दहा टक्क्यांनी वाढेल. चौदापट वाढ सेपरेटरमुळे झाली असेल, तर जवळजवळ सगळा पडदा बंद झालेला असला पाहिजे, म्हणजे सगळा सेल १३० अंशांच्या वर गेला असला पाहिजे. मग वेष्टन एका टोकालाच आकसलेले कसे?

म्हणून दोन गोष्टी कळवाव्यात. सोल्डर धन टोकाला आहे की ऋण? आणि तो सेल पूर्ण चार्ज करून अगदी सावकाश, म्हणजे शंभर मिलिअँपिअरने, तीन व्होल्टपर्यंत रिकामा केला तर किती क्षमता मिळते? चार्ज करताना प्रवाह कमी ठेवावा आणि सेल वाळूच्या घमेल्यात, दुकानाबाहेर ठेवावा. या चाचणीने उलगडा होण्याचे कारण असे, की जेथे छिद्रे बुजली आहेत तेथील इलेक्ट्रोडपर्यंत आयन पोहोचतच नाहीत, त्यामुळे कितीही सावकाश काढले तरी त्या भागातील क्षमता हाती येत नाही. दोष झाकणातील किंवा जोडातील रोधाचा असेल, तर सावकाश काढल्यावर जवळजवळ सगळी क्षमता मिळते, कारण शंभर मिलिअँपिअरला त्या रोधामुळे व्होल्टचा दहावा भागही पडत नाही.

पंपदुरुस्ती_कळंब

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सोल्डर धन टोकाला, म्हणजे टोपीवर आहे. आपण सांगितल्याप्रमाणे सेल सावकाश रिकामा केला, तेव्हा २०५० मिलिअँपिअर-तास मिळाले. वेष्टनावर २२०० छापलेले आहे. त्याच पॅकमधील एक चांगला सेल तशाच पद्धतीने रिकामा केला, तर २१०० च्या आसपास मिळाले.

पडदा_आणि_प्रवाह

मग सेपरेटर बव्हंशी उघडा आहे, हे निश्चित समजावे. संशय टोपीखालच्या पीटीसी चकतीवर जातो. अनेक १८६५० सेलमध्ये ही चकती असते; प्रवाह किंवा उष्णता वाढली की तिचा रोध एकदम वाढतो आणि थंड झाल्यावर तो बराचसा खाली येतो. इस्त्रीच्या थेट उष्णतेने तिची रचनाच बिघडली, तर रोध वरच अडकून राहू शकतो. टोपीखाली दाब वाढल्यावर कायमचा तुटणारा जोडही असतो, पण तो तुटला असता तर मीटरवर ३.९ व्होल्ट दिसलेच नसते. चकती की आतल्या पट्टीचे वेल्डिंग, हे बाहेरून सांगता येणार नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी कृपया सेल फोडू नये.

पंप दुपारीच बंद पडण्याचा उलगडाही यातून होतो. समांतर जोडीत जवळजवळ सगळा प्रवाह चांगल्या सेलमधून जातो, तो आधी रिकामा होतो आणि बीएमएस, म्हणजे पॅकमधील संरक्षक सर्किट, पॅक बंद करते.

सिरॅमिक लेपाविषयी सांगायचे, तर तो वितळत नाही. तो बहुधा ॲल्युमिना किंवा बोहमाइटच्या बारीक कणांचा, दोन ते चार मायक्रॉन जाडीचा थर असतो, आणि ॲल्युमिना तर दोन हजार अंशांच्या वर वितळते. छिद्रे बंद करण्याचे काम खालचे पॉलिइथिलीनच करते, तेही पूर्वीच्याच तापमानाला. लेपाचे काम त्यानंतर सुरू होते. ताणून बनवलेला पडदा तापला की शेकोटीजवळ धरलेल्या पॉलिथिनप्रमाणे आकसतो. सेपरेटर इलेक्ट्रोडच्या कडेपेक्षा जेमतेम थोडासाच मोठा ठेवलेला असतो, म्हणून तो आकसला की दोन्ही इलेक्ट्रोडच्या कडा एकमेकींना भिडून शॉर्ट होऊ शकतो. कणांचा थर पडद्याला जागच्या जागी धरून ठेवतो. तीन थरांच्या सेपरेटरमध्ये हेच काम बाहेरचे पॉलिप्रोपिलीन करते, पण तेही १६५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे मधला थर बंद झाल्यानंतर तीसेक अंशांचीच सवड मिळते.

सौरमित्र_वर्धा

लेपाविषयीची दुरुस्ती मान्य आहे. मग लेप असलेला सेल घेतला, तर आग लागण्याची भीती राहत नाही, असे समजावे का?

पडदा_आणि_प्रवाह

तसे समजू नये. छिद्रे बंद झाल्याने बाहेरचा प्रवाह थांबतो. आतील रासायनिक क्रियांची उष्णता थांबत नाही, आणि त्या क्रिया सेपरेटर वितळण्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेल्या असतात. खिळा घुसून किंवा धातूच्या कणाने एका ठिकाणी शॉर्ट झाला, तर तेथील तापमान इतक्या झपाट्याने वाढते की आजूबाजूची छिद्रे बुजण्याला अर्थ उरत नाही. एकापुढे एक अनेक सेल जोडलेल्या मोठ्या पॅकमध्ये आणखी एक अडचण असते. जो सेल आधी बंद होतो, त्याच्या पडद्यावर उरलेल्या सगळ्या सेलचे व्होल्टेज येऊन पडते आणि तो पातळ पडदा तेथे फाटू शकतो. ई-रिक्षाच्या पॅकमध्ये याचा विचार करावाच लागतो. आपल्या तीन जोड्यांच्या पॅकमध्ये हा धोका पुष्कळच कमी आहे.

पंपदुरुस्ती_कळंब

माझ्या मनात दोन प्रश्न उरले आहेत. या सेलची क्षमता शाबूत आहे, तर कमी प्रवाहाच्या सौर कंदिलात तो वापरावा का? आणि विक्रेत्याच्या सेलमध्ये खरोखर लेप आहे की नाही, हे कसे पडताळावे?

पडदा_आणि_प्रवाह

कंदिलात वापरू नये, असे माझे मत आहे. क्षमता शाबूत असली, तरी टोपीजवळच्या कडेला सेपरेटर किती आकसला आहे, हे त्या चाचणीतून कळत नाही. सेल चार व्होल्टच्या आसपास चार्ज करून महिनाभर वेगळा ठेवावा आणि शेजारी एक चांगला सेलही तसाच ठेवावा. याचे व्होल्टेज त्याच्यापेक्षा स्पष्टपणे अधिक घसरले, तर आत सूक्ष्म शॉर्ट आहे. घसरले नाही, तरी मी तो घरात जळणाऱ्या कंदिलात घालणार नाही.

लेप बाहेरून ओळखता येत नाही आणि सेलच्या माहितीपत्रकातही त्याचा उल्लेख क्वचितच असतो. तेव्हा विक्रेत्याकडे त्या मॉडेलच्या आयएस १६०४६ चाचणीचा अहवाल मागावा, कारण त्यात सेल १३० अंशांच्या भट्टीत ठेवण्याची चाचणी असते. त्यातून लेप सिद्ध होत नाही. सेलने ती उष्णता सोसली, एवढे कळते.

सौरमित्र_वर्धा

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. महिनाभर व्होल्टेज स्थिर राहिले, तर उघड्या पडवीतील कंदिलात, बीएमएस लावून, असा सेल वापरायला हरकत नसावी. खेड्यात प्रत्येक सेल टाकून देणे परवडत नाही.

पंपदुरुस्ती_कळंब

दोन्ही सेल आज चार्ज करून पत्र्याच्या डब्यात, वाळूत वेगवेगळे ठेवले आहेत. महिन्याने दोघांचे व्होल्टेज याच धाग्यावर कळवते. शेतकरी दादांच्या पॅकमध्ये ती जोडी पूर्ण बदलून, स्पॉट वेल्डिंग करून दिली आहे. विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागितला आहे. तो अजून मिळालेला नाही.