अनुभव धागा: दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपला ब्रश

सायंतारा

नमस्कार मंडळी. आमच्या घरातल्या ग्रुप फोटोवरून दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझ्या मावसबहिणीच्या ओठांशेजारी कोडाचा डाग आहे, लहानपणापासूनचा. आतेभावाने फोटो ग्रुपवर टाकण्याआधी तो डाग आजूबाजूच्या रंगाने भरून टाकला आणि जाता जाता तिचा चेहराही उजळला. खाली अंगठ्यांची आणि बदामांची रांग लागली. बहिणीने लिहिलं, "फोटो छान आलाय. पण मी कुठेय यात?" सगळे हसले, कारण सगळ्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता हे कळलं तेव्हा आतेभाऊ खरोखर गोंधळला. म्हणाला, तिला बरं वाटावं म्हणूनच केलं, डोक्यात वाईट काही नव्हतं. आणि मला ते पटतंही.

तुमचा फोटो कोणी न विचारता बदललाय का? तुम्ही बदलता का, आणि कुठे थांबता? जाहिराती आणि नटनट्या बाजूला ठेवू, ओळखीच्या माणसांच्या फोटोंबद्दल लिहा.

रिटचर_जुना

माझं पोटच रिटचिंगवर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्यात तोंडी चालत आलेला एक नियम आहे. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं, राहणार असेल ते ठेवायचं. पुटकुळी, ओरखडा, दाढी करताना कापलेलं, ओठाला चिकटलेला केस, हे बिनधास्त काढा. तीळ, व्रण, कोड, जन्मखूण, पुढे आलेला दात, यांना ज्याचा चेहरा आहे तो सांगेपर्यंत हात लावायचा नाही. डोळ्यांखालची वर्तुळं यांच्या मधली. ती मी वेगळ्या लेयरवर काढतो आणि मग त्या लेयरची ऑपॅसिटी निम्म्यावर आणतो. माणूस झोप काढून आलेला दिसतो, दहा वर्षांनी लहान झालेला नाही.

कोडाबाबत आणखी एक गोष्ट. हीलिंग ब्रश शेजारच्या त्वचेचा पोत उचलतो आणि रंग जुळवून घेतो. ओठाच्या कडेला मात्र त्याला त्वचा आणि ओठ यांतला फरक कळत नाही, आणि कड पुसट होते. बहिणीचा फोटो मोठा करून बघा, ओठाचा तो कोपरा धुरकट दिसेल. म्हणजे डाग तर गेलाच, पण हसण्याची ढबही थोडी गेली. "मी कुठेय यात" हे तिने उगाच नाही विचारलं.

रंगाबद्दल आतेभाऊ म्हणत असेल, "मी फक्त ब्राइटनेस वाढवला." ते तपासता येतं. एक्स्पोजर वाढवलं की सगळंच उजळतं: भिंत, कपडे, केस. मूळ फोटो शेजारी ठेवा. पांढरा सदरा तेवढाच पांढरा आणि चेहरा मात्र दोन छटा वर, असं असेल तर उजेड नाही, कातडी बदललीय. लाइटरूममध्ये हे एका स्लायडरचं काम आहे. माणसाच्या त्वचेचा रंग, गोरी असो की सावळी, बहुतेक नारिंगी पट्ट्यात येतो, आणि त्या पट्ट्याचं ल्युमिनन्स वर ढकललं की झालं. पाठीमागचं लाकडी दारही सोबत फिकं पडतं, तिथे चोरी पकडली जाते. फक्त चेहऱ्यावर मास्क लावून केलं असेल तर मान आणि हात मागे राहतात, ते तर लांबूनही दिसतं.

क्लिकबहाद्दर

फोटो ज्याने काढला त्याचा, हा कायदा आहे. मग परवानगी कसली? शिवाय फोन स्वतःच चेहरा गुळगुळीत करून देतो, तेव्हा कोणी तक्रार करत नाही. "खरा फोटो" असं काही उरलेलंच नाही.

रिटचर_जुना

@क्लिकबहाद्दर, निम्मं बरोबर. कॉपीराइट बऱ्याच ठिकाणी काढणाऱ्याकडे असतो, पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं गणित काही देशांत वेगळं पडतं. आणि कॉपीराइट म्हणजे फोटोची नक्कल कोण करू शकतो याचा हक्क. दुसऱ्याच्या तोंडावर काय असावं हे तो ठरवत नाही.

फोनचं म्हणणं मात्र खोडता येणार नाही. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचं ब्यूटी सेटिंग आधीपासून चालू असतं. ते मी बंद करतो, निदान दुसऱ्यांचे फोटो काढताना. फरक इतकाच की फोन सगळ्यांना सारखाच गुळगुळीत करतो. आतेभावाने घोळक्यातून एकीलाच निवडलं. बोचतं ते निवडलं जाणं.

नाव_नको

माझी बाजू उलटी आहे. माझ्या गालावर जन्मखूण आहे, चांगली तळहाताएवढी. एका मित्राला म्हटलं, या फोटोतली काढून दे, मला तो प्रोफाइलला लावायचाय. त्याने नकार दिला आणि वर स्वतःला स्वीकारण्यावर व्याख्यान दिलं. स्वीकारून कित्येक वर्षं झाली हो! मला त्या दिवशी अनोळखी लोकांच्या प्रश्नांतून सुट्टी हवी होती, बस. न विचारता काढणारा आणि सांगूनही न काढणारा, मला दोघं एकाच माळेचे मणी वाटतात. माझ्या गालाचा निर्णय दोघांनीही स्वतःकडे घेतला.

शांभवी_

नाव_नको यांचं वाचून थांबले. मी त्या मित्रासारखीच वागले असते, खरं सांगते. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण विचार करतेय.

पासफोटो

माझाही अनुभव. ओळखपत्रासाठी फोटो काढला, फोटो काढणाऱ्याने न विचारता कपाळावरचा व्रण काढला आणि चेहरा गोरा केला. अर्ज परत आला, कारण फोटो माणसाशी जुळत नव्हता. पुन्हा फोटो, पुन्हा रांग. तेव्हा कृपया ओळखपत्राच्या फोटोत एडिटिंग करू नका.

सायंतारा

@पासफोटो, धाग्याचा विषय जरा वेगळा आहे, पण न विचारता केलंच ना, म्हणून चालेल!

काठावरची_काकू

ग्रुप फोटोत मी उंचीमुळे कायम टोकाला. एका फोटोत मी दुप्पट रुंद दिसत होते. भाच्याने प्रेमाने मला "बारीक" करून पाठवलं, आणि माझ्यामागची दाराची चौकट कंबरेपाशी आत वळली होती. फोटो पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी चौकट पाहिली, मग मला. आता सगळ्यांना ठाऊक आहे की काकूंना बारीक करावं लागलं.

रिटचर_जुना

काकू, तुम्ही रुंद नव्हताच, लेन्स रुंद होती. फोनच्या ०.५ वाल्या वाइड लेन्सने कडेची माणसं बाहेरच्या बाजूला ताणली जातात. डोकं लांबट, खांदे पसरट. मधल्यांना काही होत नाही. हा ताण काढणं म्हणजे कुणाला बारीक करणं नव्हे, कॅमेऱ्याची चूक निस्तरणं आहे, त्याला मी परवानगी मागत नाही. पण ते लिक्विफायने कंबर आत ढकलून होत नाही. लेन्स करेक्शन किंवा पर्स्पेक्टिव्हचं टूल पूर्ण चित्रावर चालतं, म्हणून चौकट एकाच जागी आत वळत नाही. त्याहून सोपं म्हणजे चार पावलं मागे जाऊन १x वर काढायचं आणि कडेला मोकळी जागा सोडायची. नंतर कापता येते.

क्लिकबहाद्दर

म्हणजे रुंदी कमी केली तरी चालतं. मग माझं तरी काय चुकलं?

काठावरची_काकू

तुला चौकट दिसत नाही, एवढंच चुकलं.

तिघांची_आई

आमच्याकडे प्रश्न सुंदर करण्याचा नाही, विद्रूप करण्याचा आहे. मुलं एकमेकांचे चेहरे ताणून स्टिकर बनवतात. थोरल्याला स्वतःचा स्टिकर पाहून हसू येतं, मधलीला येत नाही, तीही हसते पण मग जेवताना बोलत नाही. मी एवढंच ठरवलंय की ज्याचा चेहरा त्याच्याच फोनवर स्टिकर आधी जायचा, आणि पुढे पाठवायचा की नाही ते तो ठरवणार. घरात चाललंय. शाळेच्या ग्रुपवर कोण ऐकतंय! एकदा गेलेला स्टिकर "डिलीट फॉर एव्हरीवन" केला तरी ज्यांनी तो आधीच आपल्याकडे ठेवला त्यांच्याकडे राहतोच.

सहलप्रमुख

ट्रेकच्या ग्रुपचे फोटो मी सांभाळतो. सगळ्यांना दाखवण्याआधी ज्याचा चेहरा त्याला एकट्याला फोटो जातो, एडिट केलेला आणि मूळ, दोन्ही. सोबत "मी तुझं ठीक केलंय" असलं काही लिहीत नाही, कारण त्याचा अर्थ आधी काहीतरी बिघडलेलं होतं असा होतो. "उजेड वाढवलाय, उजव्या गालावरची पुटकुळी काढलीय, यातला कुठला टाकू?" असं विचारतो. काय केलं ते नेमकं सांगितलं की समोरचा नेमकं उत्तर देतो. "चेहरा थोडा साफ केलाय" म्हटलं की तो दहा मिनिटं आरशात शोधत बसतो, काय घाण होतं म्हणून. आणि विचारायचं ते एकट्याला. ग्रुपवर विचारलं तर नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

मूळ प्रत पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखी पाठवली तर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं, आणि मग समोरच्याकडे तुलना करायला धड मूळही उरत नाही.

शांभवी_

आणि ग्रुप फोटोत पंचवीस जण असतील तर? पंचवीस निरोप?

सहलप्रमुख

नाही हो. पंचवीस जण असले की मी चेहऱ्यांना हातच लावत नाही. उजेड, रंगाचा समतोल, काप, एवढंच. एकाचंच काही करावंसं वाटलं तर त्या एकाला विचारतो.

मध्यममार्गी

नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून जाहिरातीत अंगाचा आकार, बांधा किंवा त्वचा बदलली असेल तर फोटोवर तसं लेबल लावावं लागतं. सायंतारा म्हणाल्या जाहिराती नकोत, पण कल्पना घरी उसनी घेता येईल. फोटोखाली "रंग बदललाय" असं दोन शब्दांत लिहायला काय जातं?

नाव_नको

जातं ना. माझ्या फोटोखाली "गालावरची खूण काढली आहे" असं लेबल लावणार असाल, तर खूण राहू द्या.

सायंतारा

ताजी बातमी. आतेभावाने ग्रुपवरचा फोटो काढून मूळ फोटो टाकला, फक्त सावली उचलून. बहिणीला विचारूनच टाकला. पण तिने त्याच्याकडे पहिलाही मागून घेतलाय. म्हणाली, "एखादा असू दे, गंमत म्हणून. पण माझ्याकडे, त्याच्याकडे नाही." घरातल्या थोरल्यांना अजून वाटतं की एवढ्यावरून पोरीने कशाला ताणावं.

रिटचरदादा, ओठाचा कोपरा खरंच धुरकट होता.

पणतू_१

उशिरा आलोय, पण इथेच विचारतो. पणजोबांचा एकमेव फोटो दुरुस्त करतोय. घडीच्या रेघा आणि बुरशीचे ठिपके काढले, त्यावर कुणाचं दुमत नाही. पण त्यांच्या एका डोळ्यात फूल पडलेलं होतं. आजी म्हणते काढ, बाबा म्हणतात त्यांची ओळखच ती होती. विचारायला पणजोबा नाहीत.

रिटचर_जुना

स्कॅनवर काम करताय ना, मूळ कागदावर नाही? मग डोळ्याचं काम वेगळ्या लेयरवर करा आणि दोन प्रती काढा, एक आजींना, एक बाबांना. आणि कागदाची बुरशी कुठे संपते, डोळ्यातलं फूल कुठे सुरू होतं, ते आजींना शेजारी बसवून ठरवा. जुन्या छपाईत दोन्ही सारखेच पांढरट दिसतात, आणि तुम्ही पणजोबांना पाहिलेलं नाही.

पणतू_१

बुरशीचं आजीला विचारतो. पण दोन प्रतींनी काय होणार, भिंतीवर कुठली लावायची हेच तर भांडण आहे.