अनुभव धागा: संयुक्त अहवालासाठी सहकाऱ्यांकडून माहिती कशी मिळवता?

आज इनबॉक्समध्ये 'स्मरणपत्र ३' असा विषय दिसला आणि अहवालांची जुनी धावपळ आठवली. "तुमचा भाग पाठवा" म्हटलं की समोरच्याला कोरं पान दिसतं, म्हणून ते मागे पडतं. त्यापेक्षा मागच्या तिमाहीचा मजकूर भरून, बदलायच्या जागा पिवळ्या करून पाठवायचा. मग लिहायचं काम उरत नाही, फक्त तपासायचं. तुमच्या युक्त्या सांगा.

निळीशाई: पिवळं करून जुना आकडा तिथेच ठेवला तर लोक न बघता "ठीक आहे" कळवतात. जुना आकडा शेजारच्या रकान्यात ठेवा, नव्याची जागा रिकामी सोडा. आणि दोन तिमाहींचा आकडा हुबेहूब सारखा आला तर फोन कराच.

पाचवा_मजला: पहिल्याच मेलपासून साहेबांना सीसी. लगेच येतं सगळं.

रेघोट्या: @पाचवा_मजला, वेळापत्रकाच्या पहिल्या मेलला सीसी चालतो, तो सगळ्यांना सारखाच असतो. तिसऱ्या स्मरणपत्रात अचानक साहेब आले की ती तक्रार वाटते, आणि पुढच्या वेळी तो माणूस फोनही उचलत नाही.

समजा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी द्यायचाय, पाच विभाग आहेत. जोडणीला एक दिवस, वरिष्ठांच्या वाचनाला एक दिवस, म्हणजे बुधवारी संध्याकाळी सगळं हातात हवं. आदल्या गुरुवारी प्रत्येकाला वेगळा मेल, त्यात फक्त त्याचंच पान. ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल. सोमवारी ज्यांचं आलेलं नाही फक्त त्यांनाच विचारायचं, तेही "झालं का?" असं नाही. "तिसऱ्या रकान्यातला खर्च तुमच्याकडे आहे की लेखा विभागाकडून घेऊ?" असं. बऱ्याचदा तो माणूसच दुसऱ्या कुणासाठी थांबलेला असतो, ते या प्रश्नाने बाहेर येतं.

दुपारचाचहा: माहिती येते हो, पण चौघांच्या चार फाइल येतात! 'फायनल', 'फायनल नवीन'... एकत्र कशा करायच्या?

निळीशाई: वर्डमध्ये Review → Compare → Combine. एका वेळी दोनच फाइल जोडल्या जातात, म्हणून चारसाठी तीनदा करावं लागेल.

दुपारचाचहा: थँक्यू ताई 🙏 कुकर लावून बघते.

झुळूक७: "बुधवारपर्यंत उत्तर नसेल तर मागचाच मजकूर, मागच्या तिमाहीची तारीख टाकून, जाईल" असं पहिल्याच मेलमध्ये लिहून ठेवा. दुसरं स्मरणपत्र क्वचितच लागतं.

रेघोट्या: वर्णनाच्या भागाला ठीक. पैशांच्या आकड्यांना नको, तिथे 'माहिती अप्राप्त' लिहिणंच बरं.

झुळूक७: 'अप्राप्त' छापलं की त्या विभागाची सगळ्यांसमोर शोभा होते. मला ते पटत नाही.

पाचवा_मजला: आणि तो माणूस रजेवर असला तर? सही कोणाची घेता?